बाळ झालेल्या मैत्रिणीला काय लिहावं?

प्रश्न: ऑफिसमधल्या माझ्या जवळच्या मैत्रिणीला परवा मुलगी झाली. सिझेरियन झालं. मी मेसेज लिहिला आणि पाठवण्याआधी नवऱ्याला दाखवला, तर म्हणाला, "हे अभिनंदन आहे की डिस्चार्ज कार्ड?" मेसेज असा आहे:

"अभिनंदन गं! पहिली बेटी धनाची पेटी! सिझर का करावं लागलं? असो, दोघी सुखरूप आहात हे महत्त्वाचं. आता अंगावरचंच दूध दे, बाटलीची सवय लावू नकोस. पुरतंय ना दूध? सारखं उचलून घेऊ नका, हाताची सवय लागते. बाळ झोपलं की तूही झोपून घे. फोटो पाठव, कोणावर गेलीये? काही लागलं तर हक्काने सांग. रविवारी येतेच भेटायला. काळजी घे!"

मला खरंच खूप आनंद झालाय. तो पोचावा, पण मी शिकवतेय असं वाटू नये. काय बदलू? आणि भेटायला गेल्यावर काय बोलू?

उत्तर:

शेरा बोचरा असला तरी तुमच्या नवऱ्याने नेमकं बोट ठेवलंय. वाक्यांच्या शेवटची क्रियापदं तेवढी वाचा: दे, लावू नकोस, उचलून घेऊ नका, झोपून घे, पाठव, सांग, काळजी घे. सात आज्ञा झाल्या. त्यात तीन प्रश्न आहेत. आनंदाचा शब्द म्हणावा असं "अभिनंदन" एवढंच, तेही पहिल्या ओळीत येऊन गेलं. तुम्हाला वाटलेला आनंद मेसेजमध्ये उतरलाच नाही, कारण सगळी जागा सूचनांनी घेतली.

मराठीत सल्ला ओळखायची ही सोपी खूण आहे. शेवटी आज्ञार्थ आला, किंवा "पाहिजे", "हवं", "-यचं असतं" असं काही आलं, की ते वाक्य समोरच्याला कामाला लावतं. त्याऐवजी आपल्याकडे "लाभो", "होवो", "राहो" ही शुभेच्छेची रूपं आयती आहेत. "बाळाला जप" म्हटलं की जबाबदारी आईवर पडते. "बाळाला उदंड आयुष्य लाभो" म्हटलं की कोणावरच काही पडत नाही, फक्त तुमची इच्छा पोचते. "काळजी घे" ही तशी निरुपद्रवी सवय आहे, त्यावर कोणी रुसणार नाही. पण जी बाई चोवीस तास काळजीच घेतेय तिला ते शेवटचं वाक्य म्हणून मिळण्यापेक्षा दुसरं काही मिळालेलं बरं.

तुमचा मेसेज आज किंवा उद्या गेला तर तो बाळाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोचेल. तेव्हा त्या घरात काय चाललेलं असतं हे माहीत असलं, की कुठलं वाक्य का टोचतं ते आपोआप कळतं. पहिले दोन-तीन दिवस येणारं चिकाचं दूध चमच्यात मोजावं इतकं थोडं असतं आणि बाळाला तेवढंच लागतं. दूध भरून येतं ते साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान. सिझेरियननंतर त्याला कधीकधी थोडा उशीर होतो. याच दिवसांत बाळाचं वजन जन्माच्या वेळेपेक्षा उतरतं. सात टक्क्यांपर्यंत घट नेहमीची, दहाच्या पुढे गेली तर डॉक्टर जास्त लक्ष घालतात, आणि बहुतेक बाळं दोन आठवड्यांच्या आत मूळ वजनावर येतात. म्हणजे सगळं सुरळीत असलं तरी आईला दिसतं ते एवढंच: दूध थोडं, वजन कमी, बाळ रडतंय. त्यात शरीरातली संप्रेरकं झपाट्याने खाली येत असतात आणि पुष्कळ जणींना तिसऱ्या-चौथ्या दिवशी काही कारण नसताना रडू फुटतं. नेमकं तेव्हा तुमचं "पुरतंय ना दूध?" तिथे जाऊन पडणार. तुम्ही आपुलकीने विचारलेलं असतं, पण तिला ते "पुरत नसणार" असं ऐकू येतं.

म्हणून दुधाची दोन्ही वाक्यं काढा, आणि काढताना हळहळू नका. अंगावरचं दूध चांगलं असतं ही माहिती तिला हॉस्पिटलात अनेकांनी दिलेली असते. ती पाजत असेल तर तुमचं वाक्य फुकट गेलं. काही कारणाने वरचं दूध सुरू करावं लागलं असेल, तर ते तिच्या वर्मी लागलं. दोन्हींत फायदा कोणाचाच नाही. "हाताची सवय" तर साफ चुकीचीच आहे. नवजात बाळ उचलून घेतल्याने बिघडत नाही, त्याला जवळ घेतलेलं हवं असतं. न मागता दिलेल्या सल्ल्यात हा एक धोका असतोच, की तो जुना किंवा चुकीचा निघतो आणि आई तुमच्या भिडेपोटी ऐकून घेते.

"सिझर का करावं लागलं?" या वाक्याकडे जरा थांबून बघू, कारण विचारणाऱ्याला ते फार साधं वाटतं. "करावं लागलं" यात काहीतरी हुकलं असा सूर आहे, आणि "का" म्हटलं की तिला कैफियत द्यावी लागते. कोणी तासन्‌तास कळा देऊन मग टेबलावर गेलेली असते, कोणाचं आधीच ठरलेलं असतं, कोणाला बाळाचे ठोके उतरल्यामुळे दहा मिनिटांत नेलेलं असतं. यातलं काय सांगायचं, कोणाला आणि कधी, हे तिचं तिने ठरवावं. तिला बोलायचं असेल तर ती न विचारता सांगेल, बहुतेकदा सविस्तर सांगेल. पुढचं "असो, सुखरूप आहात हे महत्त्वाचं" हेही वगळा. या "असो"मध्ये "जे झालं ते झालं" आहे, आणि तिला कदाचित अजून तसं वाटत नसेल. "दोघी सुखरूप आहात हे वाचून बरं वाटलं" असं लिहिलंत तर तीच गोष्ट राहते आणि सांत्वनाचा सूर जातो.

सांत्वनावरून "पहिली बेटी धनाची पेटी" आठवलं. म्हण गोड आहे आणि कित्येक जण ती निव्वळ आनंदाने म्हणतात. पण मुलगा झाला असता तर अशी म्हण शोधावी लागली नसती, हे ऐकणारीला कळतं. "पहिली" या शब्दात दुसरीचा हिशोबही लागून येतो. तुमच्या मैत्रिणीला ती म्हण आवडते हे पक्कं ठाऊक असेल तर खुशाल ठेवा, नाहीतर सरळ "तुझी लेक आली!" म्हणा. यात मुलीचं स्वागत पुरेपूर आहे. याच कुळातली आणखी काही वाक्यं तुमच्या मेसेजात नाहीत, ती पुढेही येऊ देऊ नका: "आता एक भाऊ आला की झालं", "आता वर्षभर झोप विसरा", "संपलं तुमचं स्वातंत्र्य". शेवटची दोन जास्त करून बाबाला ऐकवली जातात, थट्टेत. तो हसतोही. पण तीन रात्री जागलेल्या माणसाला जागरणाचं भविष्य सांगून काय मिळतं?

फोटो मागू नका. त्यांना वाटेल तेव्हा तो येईलच. काही आईवडील बाळाचे फोटो कोणालाच पाठवत नाहीत, आणि मागितला की त्यांना नाही म्हणायची पाळी येते. "कोणावर गेलीये?" यालाही पहिल्या आठवड्यात खरं उत्तर नसतं. चेहरा सुजलेला असतो, डोकं कधी निमुळतं झालेलं असतं, कातडीचा रंग अजून बदलायचा असतो. फोटो आलाच तर रंग, वजन, केस, नाक यांची तुलना सोडून त्या फोटोत तुम्हाला काय दिसलं ते लिहा. "मूठ काय घट्ट आवळलीये!" किंवा "जांभई बघून मलाच झोप आली." फोटो खरोखर पाहिलात हे अशा एका वाक्याने कळतं. "सो क्यूट" आणि पाच बदाम कोणीही पाठवतं.

"काही लागलं तर हक्काने सांग" हे वाक्य मनापासून लिहिलं जातं आणि त्याचं पुढे जवळजवळ कधीच काही होत नाही. का, ते सोपं आहे. काय लागेल ते तिने शोधायचं, ते तुम्हाला सांगण्याजोगं आहे का ते ठरवायचं, शब्द जुळवायचे आणि मग मागायचं. एवढी ताकद असती तर तिने ते काम स्वतःच केलं असतं. मदत करायचीच असेल तर एकच ठरावीक गोष्ट समोर ठेवा, जिला "हो" किंवा "नको" एवढ्यात उत्तर देता येईल, आणि ती अभिनंदनात न मिसळता दोन-चार दिवसांनी वेगळी लिहा. उदाहरणार्थ: "तुझा महिन्याचा रिपोर्ट मी भरून देऊ का? हो किंवा नको एवढंच कळव." ऑफिसातली मैत्रीण म्हणून हे तुम्हालाच जमण्यासारखं आहे. घरच्या माणसांना ते करता यायचं नाही.

आता उरलेल्यातून मेसेज पुन्हा बांधू:

"अगं, तुझी लेक आली! काल बातमी वाचली आणि संध्याकाळपर्यंत एकटीच हसत होते. दोघी सुखरूप आहात हे वाचून फार बरं वाटलं. तुमचं दोघांचं मनापासून अभिनंदन, आणि त्या इवल्या बाईसाहेबांचं स्वागत. तिला उदंड आयुष्य लाभो. उत्तराची अजिबात घाई नाही."

पाच-सहा ओळी, म्हणजे एका हाताने फोन धरून वाचून होईल इतकंच. सगळ्यात महत्त्वाचं वाक्य दुसरं आहे. "खूप आनंद झाला" हे प्रत्येकजण लिहितो. बातमी कळल्यावर तुम्ही काय केलंत, हे फक्त तुम्हाला लिहिता येतं. हसलात, जिन्यात थांबून मेसेज परत वाचलात, आईला फोन करून सांगितलंत, जे खरं घडलं तेच लिहा. उसनं वाक्य घालू नका, माझंही नको. "तुमचं दोघांचं" मुद्दाम घातलंय, कारण आईला लिहिलेल्या मेसेजात बाबा बऱ्याचदा राहून जातो. आणि "उत्तराची घाई नाही" हे शेवटी असायलाच हवं. नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं, एकेक वेळ अर्धा तासही चालते, मध्ये ढेकर आणि लंगोट. त्यात फोनवर पन्नास मेसेज आलेले, प्रत्येकाला काहीतरी लिहायचं राहिलेलं. तुमचा एक त्या यादीतून वजा झाला, ही लहानशी का होईना, भेटच आहे. मात्र ते लिहून दोन दिवसांनी "मेसेज मिळाला का?" विचारलंत तर सगळं मुसळ केरात.

ही जवळच्या मैत्रिणीची भाषा. वरिष्ठांना किंवा ओळखीपुरत्या माणसाला लिहिताना सलगी कमी करा, पण म्हणून "कन्यारत्नप्राप्तीबद्दल हार्दिक शुभेच्छा" या छापील पत्रिकेत शिरू नका. "बातमी कळली, खूप आनंद झाला. तुमचं दोघांचं मनःपूर्वक अभिनंदन. बाळाला निरोगी दीर्घायुष्य लाभो," इतकं पुरे. मुलगा की मुलगी हे नक्की कळलं नसेल तर "बाळ" शब्द कामाला येतो. तो नपुंसकलिंगी असल्याने वाक्य कुठेच अडत नाही. बातमी फक्त तुम्हालाच कळवली असेल तर ऑफिसच्या ग्रुपवर अभिनंदन टाकून ती फोडू नका. जाहीर करण्याचा मान त्यांचा.

एक प्रसंग वेगळा आहे. बाळ सदतीस आठवड्यांच्या आधी जन्मलं असेल किंवा काचेच्या पेटीत ठेवलं असेल, तर लोक गोंधळतात आणि "आधी सगळं नीट होऊ दे, मग अभिनंदन करू" म्हणून गप्प बसतात. आईवडिलांना मात्र ती शांतता ऐकू येते. बाळ जन्मलेलं आहे, ते त्यांचं आहे, अभिनंदन तेव्हाही करायचंच. "तुमचं बाळ आलं, अभिनंदन. तुम्हा तिघांची सारखी आठवण येतेय. काही कळवायची गरज नाही." नाव ठेवलं असेल तर नावाने लिहा. "आमच्या ओळखीत सातव्या महिन्यातलं होतं, आता बघ केवढं झालंय" हे धीर द्यायला सांगितलं जातं, पण त्यांचं बाळ वेगळं आहे आणि त्याचं पुढे काय होईल हे तुम्हाला ठाऊक नाही.

आता रविवार. "येतेच" काढून टाका. सिझेरियन ही पोटाची मोठी शस्त्रक्रिया आहे. चौथ्या-पाचव्या दिवशी उठून बसतानाही टाके ओढतात, आणि पाहुणा आला की आई सवयीने उठून बसते. विचारताना नकाराची वाट मोकळी ठेवा: "भेटायला यायचंय. तुम्हाला सोयीचं होईल तेव्हा कळव, महिन्याने सांगितलंस तरी चालेल." सर्दी, खोकला, ताप किंवा ओठावर फोड असेल तर जाऊ नका. ओठावरच्या फोडाचा विषाणू मोठ्या माणसाला किरकोळ त्रास देतो, नवजात बाळाच्या मात्र जिवावर बेतू शकतो. म्हणूनच बाळाचा पापा घेणं एरवीही टाळावं. गेल्यावर न सांगता हात धुवा, बाळ मागू नका, दिलं तर घ्या. वीस मिनिटांनी स्वतःहून उठा. पाजायची वेळ झाली तर "मी बाहेर बसू की निघू?" एवढं विचारा, म्हणजे तिला संकोच होत नाही. घरात आधीचं मूल असेल तर बाळाकडे जाण्याआधी दोन मिनिटं त्याच्याशी बोला, आणि "आता तू मोठा झालास, शहाण्यासारखं वागायचं" हे त्यालाही सांगू नका. तोही सल्लाच आहे.

बोलण्यात खरी परीक्षा एका क्षणी होते. ती म्हणेल, "काल रात्रभर झोपलीच नाही गं." तुमच्या जिभेवर उपाय येईल, कदाचित चांगलाही असेल. तिथे थांबा. ती उपाय विचारत नाहीये, रात्र कशी गेली ते सांगतेय. "रात्रभर? बाप रे," म्हणा आणि गप्प बसा. बहुधा ती पुढे बोलेल: किती वाजता रडायला लागली, कोणी फिरवलं, पहाटे कशी झोपली. ऐकून झाल्यावर तिने "तू काय केलं होतंस?" असं सरळ विचारलं, तर तो मागितलेला सल्ला आहे, तो नाकारायचंही कारण नाही. पण उत्तर भूतकाळात द्या आणि एकच गोष्ट सांगा. "आम्ही तेव्हा रात्री पाळ्या लावल्या होत्या, आम्हाला बरं पडलं." "तुम्हीही तसंच करा" जोडू नका. लागू पडेल तर ती उचलेल. औषध, दूध, वजन यांवर विचारलं तर "हे डॉक्टरांनाच विचारलेलं बरं" म्हणणं म्हणजे टाळाटाळ नव्हे.

काही ठिकाणी मात्र गप्प बसायचं नसतं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, बाळ पीतच नाही किंवा उठवून उठत नाही, आईला खूप रक्तस्राव होतोय, किंवा ती स्वतःला वा बाळाला इजा करण्याचं बोलतेय, यातलं काही दिसलं तर "ताबडतोब डॉक्टरांकडे जाऊया, मी येते बरोबर" हे स्पष्ट म्हणा. पहिल्या दिवसांतलं रडू साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्यानंतरही ती तशीच उदास, अलिप्त दिसली, तर आधी तिला एकटीला गाठून "तुला कसं वाटतंय?" विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. मग डॉक्टरांचा विषय काढा.

एक शेवटचं काम कॅलेंडरमध्ये टिपून ठेवा. मेसेजांचा पूर पहिल्या आठवड्यात येतो आणि मग ओसरतो. दीड महिन्याने तिला पुन्हा लिहा. सुमारे सहाव्या आठवड्यात बाळं माणसाकडे बघून हसायला लागतात, तेव्हा सांगण्यासारखं काहीतरी तिच्यापाशी असण्याचा बराच संभव असतो. पण "हसायला लागली का?" असं विचारू नका, कारण लागली नसेल तर तीही एक परीक्षा होते. "तुझ्या लेकीला दीड महिना झाला ना! आज तुमची आठवण आली. सवड मिळेल तेव्हा तिच्याबद्दल काहीतरी सांग," इतकं लिहा. इथे एक आज्ञार्थ आलाय खरा, पण हा चालेल.